सबब

अण्णांचा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, वकीलसाहेब घरी आले. जून संपत आला होता, पाऊस लागून राहिला होता. जिन्यात ओल्या छत्र्या उघड्या वाळत घातलेल्या. कोथरूडच्या आमच्या या तीन मजली इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे ते वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. माझी धाकटी भावजय पाणी घेऊन आली. त्यांनी पाणी पिऊन, पंचानं चष्मा पुसावा तसा रुमालानं सावकाश चष्मा पुसला आणि पिशवीतून खाकी लिफाफा काढला.

मृत्युपत्र सगळ्यांना बसवून वाचून दाखवलंच पाहिजे, असं कायद्यात कुठंही नाही. हे मला नंतर कळलं. अण्णांनीच त्यांना सांगून ठेवलं होतं, की तिघंही असताना वाचा, एकेकाला वेगळं सांगू नका. म्हणून दादाचं परतीचं विमान मंगळवारी, तर वाचन रविवारी.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तीस वर्षं अमेरिकेत. मधली मी, सिंहगड रोडला. धाकटा, ज्याला आम्ही पन्नाशीतही छोट्याच म्हणतो, तो बायको-मुलीसह अण्णांजवळ याच घरात. आई २००२ साली गेली. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते. १९८६ साली फंडातून आणि सोसायटीच्या कर्जातून घेतलेला हा दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट आणि थोड्या ठेवी, एवढीच त्यांची मिळकत. वाटण्यासारखं फार नव्हतं, म्हणून वाटणीबद्दल आम्ही कधी बोललोही नव्हतो. मी मनातल्या मनात धरून चालले होते, तीन मुलं, तीन हिस्से.

वकीलसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. ‘मी खाली सही करणार, वय वर्षे ७८, धंदा काही नाही, राहणार कोथरूड, पुणे, माझ्या राजीखुशीने, शरीरप्रकृती ठीक व मन शांत असताना, कोणाच्याही दडपणास बळी न पडता हे मृत्युपत्र करून ठेवीत आहे.’ अण्णांना ‘धंदा काही नाही’ म्हटलेलं ऐकून मला कसंसंच झालं. चाळीस वर्षं पहाटे साडेपाचला डबा घेऊन निघणारा माणूस.

मग मिळकतीचा तपशील. मग वाटप.

सदनिका पूर्णपणे धाकट्या चिरंजीवांना. ठेवींपैकी तीन लाख दादाला, तीन लाख मला, उरलेलं सगळं छोट्याला. फ्लॅटची आजची किंमत ८०-८५ लाखांच्या घरात आहे, म्हणजे हिशेब काय झाला ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. कुणी काही बोललं नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि भावजय उठली नाही.

पण माझ्या मनात रुतले ते आकडे नव्हेत. पुढचं कलम होतं ते.

‘माझी कन्या हिचे लग्न योग्य प्रकारे करून दिले असून ती तिच्या घरी सुस्थितीत आहे. सबब सदर सदनिकेत तिला हिस्सा ठेवलेला नाही. याबाबत तिने अगर तिच्या वारसांनी कोणतीही हरकत घेऊ नये.’

आणि दादासाठी, ‘थोरले चिरंजीव यांना उच्च शिक्षणाकरिता व परदेशगमनाकरिता वेळोवेळी रकमा दिलेल्या आहेत. सबब सदर सदनिकेत त्यांना हिस्सा ठेवलेला नाही.’

कागदी मराठीत ‘सबब’ म्हणजे ‘म्हणून’. हा शब्द मी खरेदीखतावर, नोटिशीवर पाहिला होता. पण आमच्या घरात सबब म्हणजे सबबच. गृहपाठ न केल्याची, शाखेत उशिरा पोचल्याची. ‘सबबी सांगू नकोस’ हे अण्णांचं आवडतं वाक्य. त्यांच्याच सहीच्या कागदावर माझ्या नावापुढं तो शब्द ऐकताना मला दुसरा कुठला अर्थ ऐकूच आला नाही.

सुस्थितीत! माझ्या नवऱ्याची पिंपरीतली कंपनी २००९ साली बंद पडली. त्यानंतर पाच वर्षं मी घरी शिकवण्या घेऊन घर चालवलं, सकाळी सातवी, संध्याकाळी दहावी. अण्णांना हे सगळं माहीत होतं. रविवारी ते यायचे, मुलांची बॅच चालू असली तर बाहेर गॅलरीत पेपर वाचत बसायचे. मृत्युपत्राची तारीख २०१७ ची. म्हणजे हे सगळं पाहून झाल्यावर, माणूस शांत मनानं बसून लिहितो, सुस्थितीत आहे?

वाचन संपलं. दादा पहिल्यांदा बोलला, आणि तोही पैशाबद्दल नाही.

“वेळोवेळी रकमा? मी स्कॉलरशिपवर गेलो. तिकिटाचे पैसे मामांनी दिले, ते मी दोन वर्षांत फेडले. अण्णांनी मला एक रुपया दिलेला नाही, आणि मी मागितलाही नाही. हे अण्णांनी लिहिलेलंच नाही.”

‘लिहिलेलंच नाही’ म्हणताना त्यानं छोट्याकडं पाहिलं. छोट्याची मान खाली होती. ती खाली का आहे, हे तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ठरवलं.

मग मीही बोलले. आज ते आठवून मला वाईट वाटतं, पण बोलले. म्हटलं, सोसायटीत तर नॉमिनी म्हणून माझं नाव आहे.

ते खरं होतं. आई गेल्यावर अण्णांनी सोसायटीत नामनिर्देशनाचा फॉर्म भरला तेव्हा दादा परदेशी, छोट्याला कायम नोकरी नव्हती. त्यांनी माझं नाव घातलं. वीस वर्षं मला हे ठाऊक होतं आणि त्याचा अर्थ मी असा घेतला होता की घराबाबत अण्णांचा माझ्यावर विश्वास आहे, निदान माझा हिस्सा तरी त्यात पक्का आहे.

वकीलसाहेबांनी शांतपणे समजावलं. नॉमिनी मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या एका प्रकरणात १९८४ सालीच हे सांगितलं, की नॉमिनीच्या हाती पैसे येतात ते वारसांसाठी. आपल्या राज्यात गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं तर स्पष्टच लिहिलं, नॉमिनी हा तात्पुरता सभासद, खरा हक्क ठरेपर्यंत. पत्रव्यवहार कुणाशी करायचा, मेंटेनन्स कुणाकडून घ्यायचा, एवढी सोसायटीची सोय त्यातून होते. घर कुणाचं, हे मृत्युपत्र सांगतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. “मृत्युपत्र नसतं, तर ताई, तुम्हाला तिसरा हिस्सा मिळाला असता. दोन्ही भावांच्या बरोबरीनं. पण ही त्यांची स्वकष्टार्जित मिळकत. ती कुणालाही द्यायला ते मोकळे होते.”

दादानं विचारलं, हे कोर्टात टिकेल का? वकीलसाहेब रागावले नाहीत. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण करणाऱ्यानं सही केलेली किमान दोन साक्षीदारांनी पाहिलेली असावी लागते आणि त्यांनीही त्याच्या समक्ष सह्या कराव्या लागतात. इथं साक्षीदार दोन होते. एक अण्णांचे डॉक्टर, ज्यांनी त्याच पानावर ‘मी यांना तपासले, ते पूर्ण शुद्धीवर व समजत्या मनःस्थितीत आहेत’ असं लिहून सही केली होती. दुसरे खालच्या मजल्यावरचे काका. शिवाय दुय्यम निबंधकासमोर नोंदणी, फोटो, अंगठा. “संशय कशाला म्हणतात सांगतो. लाभ ज्याला मिळतो त्यानंच वकील गाठला, त्यानंच मजकूर सांगितला, सही थरथरती आणि म्हातारा अंथरुणावर. असं काही असेल तर ते निवारण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढं करणाऱ्यावर येते. पण वाटणी असमान आहे, एवढ्यावरून कोर्ट संशय घेत नाही. समानच वाटायचं असतं तर मृत्युपत्र कशाला करायचं? ते तर कायदा आपोआप करतोच.”

“आणि खोटं विधान?” दादा म्हणाला.

वकीलसाहेब जरा थांबले. “ती एक खूण धरतात. एकटी पुरत नाही.”

ते थांबणं मी लक्षात ठेवलं.

त्या दुपारी दादा आणि मी अण्णांचं कपाट उपसायला बसलो. कारण वकीलसाहेब जाताजाता एक गोष्ट बोलून गेले होते. शेवटचं मृत्युपत्र खरं. नोंदवलेल्यानंतर माणसानं वहीच्या कागदावर नवं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असतील, तर आधीचं नोंदवलेलं असूनही ते मागं पडतं. तेव्हा घरात एकदा नीट पाहून घ्या.

आम्ही पाहिलं. छोट्यानं स्वतः किल्ली आणून दिली आणि तो बाहेर निघून गेला. लोखंडी कपाटाचा आतला कप्पा, मग पलंगाखालची ट्रंक. वीजबिलं वर्षवार दोरीनं बांधलेली. दुधाच्या हिशेबाच्या वह्या. माझ्या दहावीच्या फीची पावती, दादाच्या मुंजीचा खर्च, आईच्या दवाखान्याची बिलं. आईच्या बिलांच्या गठ्ठ्यावर तारीख घालून ‘संपले’ असं लिहिलं होतं. दोन तास आम्ही एकेक कागद उलटा-सुलटा करून पाहत होतो, आणि मला हळूहळू कळलं की आपण दुसरं मृत्युपत्र शोधत नाही आहोत. दादा आपल्याला दिलेल्या ‘रकमांची’ नोंद शोधत होता, म्हणजे ती नसल्याचं सिद्ध होईल. आणि मी शोधत होते एखादी ओळ, कुठंही, की या मुलीचं असं असं झालं म्हणून मी असं केलं. काही सापडलं नाही. अण्णा हिशेब लिहीत, मनातलं लिहीत नसत.

सोमवारी दादा निबंधक कार्यालयात जाऊन मृत्यूचा दाखला दाखवून नोंदवलेल्या प्रतीसाठी अर्ज करून आला. हयातीत ही प्रत फक्त करणाऱ्याला मिळते, मेल्यावर कुणालाही मागता येते. पुढं प्रत आली ती मीच आणली. शब्दन् शब्द तोच. फोटोत अण्णा कॅमेऱ्याकडं जरा घाबरून पाहतायत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. हा शर्ट मीच दिवाळीला घेतला होता.

त्या फोटोनंतर मी वकीलसाहेबांकडं एकटी गेले. शिवाजीनगर कोर्टाजवळ एका जुन्या इमारतीत त्यांचं ऑफिस आहे, खाली झेरॉक्सवाले आणि चहावाला. मी सरळ विचारलं, ती कारणं कुणी सांगितली?

“वारसाला वगळायचं तर त्याचं नाव घेऊन वगळलेलं बरं,” ते म्हणाले. “नाव नसलं की उद्या म्हणतात, म्हाताऱ्याला भान नव्हतं, पोरगीसुद्धा विसरला. आणि नावापुढं कारण असलं की कोर्टाला दिसतं, हा विचार करून वगळतोय.”

“ते समजलं. कारण कुणी सांगितलं?”

“मी विचारलं अण्णांना. दोनदा विचारलं. ते बराच वेळ त्या खिडकीतून बाहेर बघत बसले. मग म्हणाले, तुम्ही लिहिता तसं लिहा.”

मला पटलं नाही, हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी टायपिस्टकडून दुसऱ्या एका पक्षकाराचा जुना मसुदा मागवला, नावांवर बोट आडवं धरलं आणि ते कलम माझ्यापुढं केलं. ‘कन्या हिचे लग्न योग्य प्रकारे करून दिले असून ती तिच्या घरी सुस्थितीत आहे. सबब’. कुठल्या तरी घरातली, मला कधीही न भेटणारी एक बाई. तीही सुस्थितीत. दादाचं वाक्यही त्यांच्याकडं तयार होतं, परदेशी मुलांसाठीचं.

तीन आठवडे मी ज्या वाक्याशी भांडत होते ते माझ्या वडिलांचं नव्हतंच. मला वाटलं होतं, हे कळलं की बरं वाटेल. थोडं वाटलंही. पण लगेच दुसरा प्रश्न आला.

“सही करण्याआधी वाचून दाखवलंत ना?”

“दोन वेळा. मोठ्यानं. डॉक्टरांसमोर.”

“मग?”

“तुमच्या भावाच्या कलमाशी थांबले. म्हणाले, त्याला मी फार काही दिलेलं नाही हो. मी म्हटलं, बदलून घेऊ का? तर टायपिस्टकडं बघितलं. मे महिना, लाईट गेलेले, ती पोरगी घामानं डबडबलेली. म्हणाले, राहू द्या, पुन्हा सगळं करावं लागेल तिला. मी तेव्हा बदलायला हवं होतं. माझी चूक आहे ती.”

हे अण्णाच होते. हॉटेलात भाजीत केस निघाला तरी पोऱ्याला बोल बसेल म्हणून न सांगणारे.

“आणि माझ्या कलमाशी?”

“तुमच्या कलमाशी काही बोलले नाहीत.”

मी चहा संपवला. म्हणजे ते वाक्य त्यांनी रचलं नाही, पण ऐकलं, आणि खाली सही केली. ऐकताना त्यांना काय वाटलं असेल ते मला आता कधी कळायचं नाही. कदाचित मी खरंच सुस्थितीत आहे असं त्यांना वाटत असेल, २०१७ साली नवऱ्याला दुसरी नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. कदाचित, मुलीनं आपली नड कधी बोलून दाखवली नाही याचा त्यांना अभिमान असेल. कदाचित ती ओळ त्यांच्या कानांवरून नुसती गेली असेल, जशा कागदातल्या ओळी जातात.

मी उठणार, तेवढ्यात वकीलसाहेबांनी पान उलटून एका कलमावर बोट ठेवलं. वाचनाच्या दिवशी मी ते ऐकूनही ऐकलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात ‘सबब’ घुमत होतं. आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या धाकट्या सुनेला दिल्याचं ते कलम. “हे एवढं अण्णांनी स्वतः सांगितलं. मी म्हटलं, ‘केलेल्या सेवेबद्दल’ असं लिहू या. नको म्हणाले, मी सांगतो तसंच घ्या.”

‘माझ्या सूनबाईने मला नऊ वर्षे गरम जेवायला घातले. कधी कपाळाला आठी घातली नाही. आईच्या पाटल्या तिला द्याव्यात.’

अख्ख्या चार पानी कागदात एवढ्याच तीन ओळींत अण्णांचा आवाज आहे. त्यांत ‘सदर’ नाही, ‘सबब’ नाही. माझ्या मनात आईच्या पाटल्यांवर माझा हक्क होता, अजूनही आहे. मुलीला आईचं सोनं, ही रीत आहे आणि ती मोडल्याचं मला दुःख आहे. पण ही ओळ खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही. रात्री आठ वाजता अण्णांच्या ताटात वाफाळती भाकरी पडताना मी कितीदा पाहिली आहे. मी रविवारी यायची, डबा घेऊन. तो डबा सिंहगड रोडवरून येईस्तोवर गार व्हायचा आणि ती तो परत गरम करून वाढायची.

त्या रात्री मी दादाला फोन करून सगळं सांगितलं. टायपिस्टपाशी आल्यावर तो पलीकडं इतका वेळ गप्प होता की मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, “म्हणाले ना पण? फार काही दिलं नाही, असं म्हणाले ना?” मी म्हटलं, हो, म्हणाले. त्यानं विषय बदलला.

पुण्यात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं नाही, पण आमच्या सोसायटीनं मृत्युपत्राबरोबर दोन्ही वारसांची ना हरकत मागितली आहे. मी नॉमिनी असल्यानं माझी तर हवीच. छोट्यानं ती माझ्याकडं मागितली नाही. महिना गेला, दीड महिना गेला, कमिटीचं स्मरणपत्र आलं तरी त्यानं मागितली नाही. शेवटी भावजय घरी आली. पाटल्यांची डबी तिनं टेबलावर ठेवली. म्हणाली, “ताई, या तुम्ही घ्या. मला हातात घालवत नाहीत.” मी डबी उघडली, आईच्या उजव्या पाटलीला पोचा आहे तो पाहिला, आणि डबी बंद करून तिच्या पिशवीत घातली. आम्ही दोघींनी जेवून घेतलं. फार बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडं गेले. त्याच्याकडं ना हरकतीचा मसुदा तयारच होता. त्यानं नावं भरली, पत्ता भरला, फ्लॅटचा नंबर भरला, आणि मान वर न करता विचारलं, “कारण काय टाकू? नैसर्गिक प्रेमापोटी टाकू? सबब माझी हरकत नाही, असं येईल.”

मी म्हटलं, ती ओळ काढा.

“अहो, तसा फॉरमॅट आहे.”

“असू दे. ‘माझी हरकत नाही’ एवढंच लिहा.”

त्यानं खांदे उडवले, ओळ काढली, प्रिंट दिली. मी तिथंच बाकावर बसून सही केली आणि नोटरीची वाट पाहत थांबले. दादाचा कागद तिकडून वकिलातीमार्फत यायचा आहे. अजून आलेला नाही.